रझिया, रजिया आणि व्हिसाचा अर्ज

आज आम्ही नावाबद्दल बोलणार आहोत. आपलं नाव एका कागदावर एका तऱ्हेनं लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर दुसऱ्या तऱ्हेनं, आणि परदेशी जायची वेळ आली की त्यावरूनच गाडी अडते. आपल्या कोकणात घरटी एक माणूस दुबई, शारजा, कुवेत नाहीतर सौदीला असतो. त्यामुळे नवऱ्यानं बायकोमुलांना तिकडे बोलावणं आणि त्यासाठी कागद गोळा करणं हे आपल्याकडचं नेहमीचंच काम. गटाच्या बैठकीनंतर बायका पिशवीतून कागद काढतात आणि आम्हाला म्हणतात, "बघा गं, हे जुळतंय का?" असे कागद बघता बघता जे समजलं, ते आज सांगतो.

आमच्यातल्याच एका बहिणीची गोष्ट सांगतो. तिचं खरं नाव सांगत नाही. तिला रझिया म्हणू, कारण सगळी गंमत याच नावात आहे. नवरा दुबईला ड्रायव्हर, मुलगा साडेचार वर्षांचा. नवऱ्याला पगारवाढ मिळाली, भाड्यानं एक खोली मिळाली, आणि मुलाला तिकडच्या शाळेत घालायचं म्हणून दोघांनी ठरवलं की आता एकत्र राहायचं. निकाहनाम्यावरून विवाह नोंदणीचा दाखला काढला. त्यावर राज्य सरकारचा शिक्का, मग दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचा, मग अमिरातीच्या वकिलातीचा, असे सगळे शिक्के घेतले. तिकडे त्याचं अरबी भाषांतर झालं. आणि फाइल परत आली. शेरा एकच होता: नाव जुळत नाही.

आम्ही तिचे कागद पाटावर ओळीनं मांडले. तिच्या पासपोर्टवर होतं RAJIYA. नवऱ्याच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर बायकोचं नाव होतं RAZIA. विवाहाच्या दाखल्यावर होतं RAZIYA. बाई एक, नावं तीन. ती रडवेली होऊन म्हणाली, "कुणी चुकवलं माझं नाव?" खरं सांगायचं तर यात कुणीच चुकलं नव्हतं. ते कसं, ते आता बघू.

लग्नाच्या कागदावर तिचं नाव आलं ते काझीसाहेबांच्या हातून, निकाहनाम्यात, उर्दूत. उर्दू अरबी लिपीतूनच लिहितात, काही अक्षरं वाढवून. त्या लिपीत हे नाव चारच अक्षरांचं आहे: रे, झ्वाद, ये, हे. आपल्या मराठीत 'र'ला 'ऱ्हस्व इ' लावायची असेल तर आपण वेलांटी काढतो, ती सोडता येत नाही. अरबी लिपीत तसं नाही. तिथे लांब स्वरांना अक्षर आहे, पण छोट्या स्वरांना फक्त खुणा आहेत: वर एक रेघ काढली की जबर म्हणजे 'अ', खाली काढली की जेर म्हणजे 'इ', आणि पेश म्हणजे 'उ'. कुराण शरीफमध्ये या खुणा सगळीकडे असतात, कारण वाचताना चूक होऊन चालत नाही. रोजच्या लिखाणात मात्र त्या कुणी काढत नाही. अक्षर दोनदा म्हणायचं असेल तर त्याचीही खूणच असते, तिला तश्दीद म्हणतात, आणि तीही सोडून देतात.

म्हणजे निकाहनाम्यात जे लिहिलंय ते फक्त र, झ, य, ह. मधले स्वर वाचणाऱ्यानं आपल्या ओळखीनं भरायचे. वाचणारा नाव ओळखतो म्हणून बरोबर 'रझिया' वाचतो. पण इंग्रजीत लिहायला बसला की त्याला प्रत्येक स्वरासाठी अक्षर लागतं, आणि ते कुठलं घ्यायचं हे मूळ कागद सांगत नाही. म्हणून कुणी RAZIA लिहितो, कुणी RAZIYA, कुणी 'य' दोनदा घेऊन RAZIYYA, तर कुणी शेवटचा 'हे' दाखवायला RAZIAH. चारही बरोबर आहेत. भाषांतर करणाऱ्यानं RAZIYA लिहिलं, त्यावरून दाखल्यात तेच आलं. नवऱ्याचा पासपोर्ट मुंबईत एका एजंटानं भरला होता, त्यानं RAZIA लिहिलं. दोघांचं बरोबर होतं, पण दोघांनी एकमेकांना विचारलेलं नव्हतं.

मग पासपोर्टवर 'जे' कुठून आला? तो आला शाळेतून. रझियाला पहिलीत घातलं तेव्हा गुरुजींनी हजेरीपटावर 'रजिया' लिहिलं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तेच आलं, त्यावरून आधार कार्ड, आणि आधारवरून पासपोर्ट. 'रजिया'चं इंग्रजी कुणीही RAJIYA असंच करणार. आमच्यातली एक म्हणाली, "गुरुजींना उर्दू येत नव्हती, म्हणून घोळ झाला." पण गुरुजींनी जे केलं ते आपली मराठी कित्येक वर्षं करत आली आहे. त्या लिपीत 'झ'सारख्या उच्चाराची उर्दूमध्ये चार अक्षरं आहेत: झे, झाल, झ्वाद आणि झोय. रझियातलं अक्षर झ्वाद. हेच झ्वाद असलेले किती शब्द आपण रोज बोलतो बघा: अर्ज, कर्ज, हजर, राजी. हे सगळे अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आले, त्या सगळ्यांत मूळ झ्वाद आहे, आणि मराठीनं प्रत्येक ठिकाणी 'ज' लिहिला. 'राजी' आणि 'रझिया' तर एकाच मुळातले शब्द आहेत. रझिया म्हणजे राजी असलेली, समाधानी. गुरुजींनी जसं 'राजी' लिहितात तसंच 'रजिया' लिहिलं.

याच कारणानं झुबेदाची जुबेदा होते, झाकीरचा जाकीर होतो, नझीरचा नजीर होतो. तुमच्या घरात असं नाव असेल तर शाळेचा दाखला आणि निकाहनामा एकमेकांशेजारी ठेवून बघा. एकात 'जे' आणि दुसऱ्यात 'झेड' असण्याची शक्यता फार.

आता दुबईच्या बाजूला जाऊ, कारण खरी अडचण तिथे झाली होती. अमिरातीत व्हिसाचा अर्ज बहुतेक वेळा टायपिंग सेंटरमध्ये भरतात. अर्जात नाव इंग्रजीतही लागतं आणि अरबीतही. रझियाच्या पासपोर्टवर अरबी काहीच नाही. टाइप करणाऱ्यानं RAJIYA वाचलं आणि जसं वाचलं तसं अरबीत टाइप केलं: راجية. रा, अलिफ, जीम, या. मूळ नाव होतं رضية. नीट बघा, अक्षरंच वेगळी आहेत. आणि गंमत अशी की 'राजिया' हा अरबीत खराखुरा शब्द आहे. त्याचा अर्थ आशा धरणारी. म्हणजे अरबी वाचणाऱ्या माणसाला ते चुकीचं लिहिलेलं नाव वाटतच नाही, ते दुसऱ्या बाईचं नाव वाटतं. तिकडे विवाहाच्या दाखल्याचं भाषांतर करणाऱ्यानं RAZIYA वाचून नेमकं रझिया लिहिलं होतं. अर्जात आशा धरणारी आणि दाखल्यात समाधानी. समोरच्या माणसानं फाइल परत केली, आणि त्याच्या बाजूनं बघितलं तर त्याला दुसरं काय करता येणार होतं?

म्हणजे नाव अरबी लिपीतून निघालं, मराठीतून गेलं, इंग्रजीत आलं, आणि पुन्हा अरबी लिपीत जाताना मूळ घर विसरलं. प्रत्येक ठिकाणी थोडं काही गळतं. अरबीतून इंग्रजीत येताना झे, झाल, झ्वाद, झोय या चौघांचा एकच 'झेड' होतो. त्यामुळे उलट जाताना चौघांपैकी कोण, ते 'झेड' सांगू शकत नाही. मूळ अरबीत तर झ्वादचा उच्चार जड 'द'सारखा आहे. म्हणून आपण रमझान म्हणतो आणि तिकडे रमदान म्हणतात. तिकडची रझिया स्वतःचं नाव इंग्रजीत RADIYA असंही लिहील.

आडनावांचं वेगळं आहे. पारकर, चौगुले ही आपली नावं मूळची अरबी नाहीत. अरबीत 'प' नाही आणि 'च'ही नाही. म्हणून पारकरचं अरबीत बारकर होतं. ही चूक नाही, त्या लिपीची मर्यादा आहे. फक्त एवढं जपा, की त्या अरबीवरून कुणी पुन्हा इंग्रजी करता कामा नये. केलं तर तुम्ही BARKAR व्हाल.

आता रझियानं काय केलं ते सांगतो. एजंटानं तिला सांगितलं, "पासपोर्ट बदलून RAZIYA करून घ्या, मी करून देतो." ऐकायला सोपं वाटतं. पण तिचं आधार, शाळेचा दाखला, बँक पासबुक आणि मुलाच्या जन्मदाखल्यावरचं आईचं नाव, सगळीकडे RAJIYA होतं. पासपोर्ट बदलला असता तर एक गाठ सोडवताना चार नव्या पडल्या असत्या. आम्ही तिला थांबवलं.

परदेशच्या कामात पासपोर्ट हा पाया धरायचा. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर खाली दोन ओळी असतात, इंग्रजी मोठी अक्षरं आणि मध्ये << अशा खुणा. विमानतळावरचं यंत्र त्याच ओळी वाचतं. प्रत्येक ओळीत ४४ जागा असतात. वरच्या ओळीत आधी आडनाव येतं, मग दोन खुणा, मग नाव. त्या ओळीत इंग्रजीतल्या २६ अक्षरांशिवाय नावात काही बसत नाही, टिंब नाही, रेघ नाही. व्हिसा, तिकीट, विमा, सगळं त्या ओळीशी जुळवलं जातं. म्हणून उच्चार कुठला बरोबर हा वाद घालायचा नाही. पासपोर्टवर जे आहे ते तुमचं इंग्रजी नाव, आणि बाकीचे कागद त्याच्याकडे आणायचे.

निकाहनाम्याच्या बाबतीत हे सहज करता येतं. उर्दूतल्या चार अक्षरांना इंग्रजीत एकच एक रूप नसतंच, त्यामुळे भाषांतर करणारा पासपोर्टवरचं रूप घेऊ शकतो. फक्त त्याला ते कुणी दाखवायला हवं. रझिया पुन्हा भाषांतर करणाऱ्याकडे गेली, ती स्वतःच्या आणि नवऱ्याच्या पासपोर्टच्या झेरॉक्स घेऊन. त्यानं नाव RAJIYA लिहिलं आणि खाली टीप दिली की नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे घेतलं आहे. 'जे' आणि 'झेड' हा फरक स्वरापेक्षा मोठा, म्हणून ती टीप महत्त्वाची. त्या भाषांतराच्या आधारे अर्ज करून विवाह नोंदणीचा दाखला दुरुस्त झाला.

पण त्यानंतर सगळे शिक्के पहिल्यापासून घ्यावे लागले. जुन्या दाखल्यावरचे शिक्के नव्या दाखल्याला चालत नाहीत. तिथे तिचे अडीच महिने गेले आणि पैसे दुसऱ्यांदा भरावे लागले. मुलाच्या शाळेचं त्या वर्षीचं नाव हुकलं. ज्या दिवशी पहिलं भाषांतर झालं त्या दिवशी पासपोर्टची झेरॉक्स दिली असती तर हे झालंच नसतं. म्हणून लक्षात ठेवा, स्पेलिंग बघायची वेळ शिक्क्याच्या आधीची.

नवऱ्याच्या पासपोर्टवरचं RAZIA तसंच राहिलं. त्यासाठी दोन्ही स्पेलिंगं एकाच बाईची आहेत असं नोटरीकडचं प्रतिज्ञापत्र जोडलं, आणि पुढच्या वेळी पासपोर्ट नवा करताना ते बदलून घ्यायचं त्यानं ठरवलं. प्रतिज्ञापत्र प्रत्येक ठिकाणी चालतंच असं नाही. समोरचं कार्यालय ते घेतं का, हे आधी विचारून घ्यायचं.

राहिलं अरबी. रझियानं निकाहनाम्यावरचं आपलं उर्दू नाव मोबाइलवर फोटो काढून नवऱ्याला पाठवलं. दुसऱ्यांदा अर्ज भरताना तो टायपिंग सेंटरमध्ये शेजारी उभा राहिला, फोटो दाखवला, आणि अर्ज पुढे जायच्या आधी स्क्रीनवर अरबी नाव वाचून घेतलं. त्याला अरबी येत नाही, पण लहानपणी मदरशात कुराण वाचायला शिकला होता. झ्वाद आणि जीम यातला फरक त्याला कळतो. तो फोटो दाखल्याचं भाषांतर करणाऱ्यालाही दाखवला. या वेळी दोन्हीकडे एकच रझिया आली.

आणखी दोन नावं सांगतो, कारण ती जवळजवळ प्रत्येक घरात असतात. पहिलं मोहम्मद. मीम, हे, मीम, दाल, ही चार अक्षरं, छोटे स्वर आणि तश्दीद कागदावर नाहीत. म्हणून MOHAMMED, MUHAMMAD, MOHAMAD अशी कितीतरी रूपं. आपल्याकडे आणखी एक रूप आहे, MOHD. लोकांना वाटतं ते छोटं रूप, अर्जात पूर्ण लिहिलं पाहिजे. तसं करू नका. पासपोर्टवर MOHD छापलं असेल तर इंग्रजीत तेच तुमचं पूर्ण नाव. अरबीत मात्र ती चार अक्षरंच आली पाहिजेत. टाइप करणाऱ्यानं MOHD अक्षरशः घेतलं तर भलतंच काहीतरी होईल, म्हणून तेवढं बघा.

दुसरं अब्दुल रहमान. अरबीत 'अब्द' म्हणजे बंदा, आणि 'अल्' हा पुढच्या नावाला जोडणारा शब्द. 'र'च्या आधी त्या 'अल्'मधला 'ल' लिहितात, पण उच्चारत नाहीत. म्हणून लिहिलेलं बघून लिहिणारा ABDUL RAHMAN लिहितो, आणि ऐकून लिहिणारा ABDUR RAHMAN किंवा जोडून ABDURRAHMAN. इथे जागा सोडली की नाही, यानंही फरक पडतो. सोडली की अर्ज भरणारा रहमानला आडनाव समजून दुसऱ्या रकान्यात टाकतो, आणि पुढे माणसाला नुसतं 'अब्दुल' अशी हाक मारतात, जे अर्धंच नाव आहे. अशा वेळी पासपोर्टवर कुठला शब्द आडनावाच्या रकान्यात आहे आणि कुठला नावाच्या, ते बघून तसंच्या तसं उतरवा. स्वतःच्या मनानं जोडू नका, तोडू नका.

आता, भाषांतरानं कुठलं दुखणं बरं होत नाही, तेही सांगायला हवं. एकाच नावाची दोन स्पेलिंगं असतील तर भाषांतर करणारा मदत करू शकतो. पण नावातला एखादा शब्दच कमी-जास्त असेल तर त्याचा इलाज नाही. निकाहनाम्यात 'रझिया बी' असेल आणि पासपोर्टवर नुसतं RAJIYA, तर 'बी' गाळायचा त्याला अधिकार नाही. तो मूळ कागदात आहे, तो भाषांतरात येणारच. तसंच लग्नानंतर पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि आडनाव आलं असेल आणि निकाहनाम्यात वडिलांचं असेल, तर ते स्पेलिंगचं काम नाही. तिथे ही एकच बाई आहे हे दाखवणारा वेगळा पुरावा लागतो. कुणी भाषांतर करणारा "बी काढून टाकतो, कुणाला कळत नाही" म्हणाला तर त्याच्याकडे कागद देऊ नका. मूळ उर्दू शेजारी ठेवून वाचणारा माणूस कुठल्यातरी टेबलावर भेटतोच.

आम्ही आता गटात एक रीत पाडली आहे. कुणाचं बाहेर जायचं ठरलं की आधी एक कोरा कागद घेतो. वर पासपोर्टवरचं नाव मोठ्या अक्षरांत, एकेक अक्षर बघून. त्याखाली निकाहनाम्यातलं उर्दू नाव, ज्या बाईला उर्दू येते ती लिहिते, आणि या कागदावर जबर-जेरच्या खुणाही काढते. त्याखाली वडिलांचं आणि नवऱ्याचं नाव, त्यांच्या पासपोर्टप्रमाणे. त्याच्या झेरॉक्स काढून एक भाषांतर करणाऱ्याला, एक नोंदणीच्या कारकुनाला, एक एजंटाला, आणि एकीचा फोटो तिकडे नवऱ्याला. प्रत्येक नवा कागद हातात आला की तिथेच उभं राहून या कागदाशी जुळवायचा, शिक्क्याला पाठवायच्या आधी.

रझिया गेल्या महिन्यात गेली. तिथून फोन आला होता. म्हणाली, दवाखान्यात नर्सनं कार्डावरचं अरबी नाव वाचून मला 'रदिया' म्हणून हाक मारली, मी पहिल्यांदा उठलेच नाही. मग लक्षात आलं, झ्वाद! रमझान तिथे रमदान होतो, तशी मीही.

तिला आम्ही म्हटलं, उठत जा. ते तुझंच नाव आहे.